दुखवल्याशिवाय जवळ

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बाकावर तो बसलेला दिसला.

माझा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतो. त्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला काम आहे, असं सांगून सकाळी निघाला होता. आणि मी... मी ताईला ‘दोरे आणायला जाते’ अशी थाप मारून, तान्ह्या पिल्लाला तिच्याजवळ ठेवून आले होते. मी कपडे शिवते, त्यामुळे थाप खपून गेली.

त्याचे केस पावसाने भिजले होते. माझ्या मनात आधी आलं, याला काही आजार आहे. मग त्याहून वाईट आलं – हा मला सोडून जाणार आहे, त्याआधी कुणाचा तरी सल्ला घ्यायला आलाय.

कारण अडीच महिने तो पलंगाच्या अगदी काठावर झोपत होता.

बाळंतपणाला चार महिने झाले होते. सहाव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाल्या, ‘सगळं ठीक आहे, आता हरकत नाही.’ आठवडाभराने तो जवळ आला, तेव्हा आत आग झाली. मी ओठ चावून गप्प राहिले. त्याला कळलं. तो मागे झाला... तो पुन्हा जवळ आलाच नाही. आणि मला सुटल्यासारखं वाटलं, याचीच जास्त भीती वाटली. दिवसभर पिल्लू अंगाला चिकटलेलं. संध्याकाळी त्याचा हात खांद्यावर पडला, तरी वाटायचं, आता यालाही काहीतरी हवंय. इतरांची मापं घेणारी मी, आरशासमोर कपडे बदलेनाशी झाले होते. सैल पोट, त्यावर ताणाच्या जांभळट रेषा. माझं प्रेमच आटलं की काय?

“दुसऱ्या टोकाला काम होतं ना?” मी विचारलं.

तो दचकून उठला. “तू इथं? पिल्लू बरंय ना?”

“ताईजवळ आहे. तुला काय झालंय?”

“काही नाही. सिस्टरांना विचारायचं होतं...” तो फरशीकडे बघत राहिला. “तुला दुखवल्याशिवाय तुझ्या जवळ कसं यायचं, ते.”

 मी त्याच्या शेजारी बसले.

“आणि तू?” त्याने हळूच विचारलं.

“मीही... तेच.”

बाळंतपणाच्या वेळच्याच सिस्टर होत्या. त्यांनी दोघांना एकदमच आत घेतलं. पडद्यामागे मला तपासलं. टाक्यांची जखम भरली होती, एका जागी व्रण ताठ होता.

“अंगावर पाजतेस ना? मग अंगातलं इस्ट्रोजेन हार्मोन उतरलेलं असतं. आतली त्वचा कोरडी, नाजूक होते. दुखतं, इच्छाही मंदावते. त्यात झोप नाही. याचा प्रेमाशी संबंध नाही, ग. ‘हरकत नाही’ म्हणजे जखम भरली. मन तयार झालं असं नव्हे.” त्यांनी वंगणाच्या जेलचं नाव लिहून दिलं. तरीही दुखलं तर डॉक्टर मलम देतील, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवतील, म्हणाल्या. मग रडू किती येतं, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार येतात का, हेही शांतपणे विचारलं. रडू येत होतं. तसले विचार नव्हते. तरी दोन आठवड्यांनी परत ये, म्हणाल्या.

मग त्याच्याकडे वळल्या. “घरात काय करतोस?”

“ती सांगेल ते सगळं करतो.”

“तिला सांगावं लागतं, तेच ओझं आहे, बाबा. लस कधी, लंगोट संपले का, हे डोक्यात कोण ठेवतं? मदत नको करूस. काही कामं आख्खी घे. लक्षात ठेवण्यापासून.”

बाहेर पाऊस लागला होता. आम्ही दाराशी थांबलो.

“लसी माझ्या,” तो म्हणाला. “लंगोट, धुणं आणि संध्याकाळी झोपवणंही. चुकलो तर मी निस्तरेन. तू मागून तपासायचं नाहीस.”

“जमेल मला?”

“ते मात्र कठीण आहे.”

मी हसले. तो हसला नाही. “बाळंतपणाच्या दिवशी तुझं ते रक्त बघून... वाटलं, तू जातेस. अजून तुला हात लावला की तेच दिसतं.”

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी त्याचा ओला हात हातात घेतला. “मला वाटलं, मी आवडेनाशी झाले. माझं पोट बघितलंयस?”

“बघू दिलंस कुठे?”

पुढचे तीन आठवडे आम्ही ठरवून फक्त शेजारी झोपलो. पहिल्याच आठवड्यात लंगोट संपले. तो भिजत दुकानात गेला आणि मी त्याला एका शब्दानेही टोकलं नाही. हळूहळू संध्याकाळी मला तासभर माझं अंग परत मिळू लागलं.

एका रविवारी दुपारी पिल्लू ताईकडे होतं. मी खिडकीच्या उजेडात उभी राहिले आणि कुर्ता वर केला.  तो बघत राहिला... मग त्याने विचारलं, “हात लावू?”

“लाव.”

त्याचा तळवा पोटावर टेकला. गरम होता. थोड्या वेळाने मी म्हणाले, “थांब.” तो थांबला. रुसला नाही, काठावरही सरकला नाही. तिथेच बसून राहिला. भीती होतीच. पण त्याच्या गालावरची खळी इतक्या जवळून मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

“आता?” तो म्हणाला.

“आता गप्प बस,” मी म्हणाले, आणि मीच वाकून त्याच्या ओठांवर ओठ टेकवले.