प्रश्नवेध

"फोन करणाऱ्याने पाचवा शब्द उच्चारायच्या आत त्याला काय विचारायचं आहे हे यंत्राला कळतं," डॉ. कौस्तुभ पेंढारकर म्हणाले. यंत्राविषयी बोलताना त्यांचा चेहरा लेकीचं प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या बापासारखा होई.

मिरजेच्या त्या नभोवाणी केंद्रात 'तब्येतीच्या गप्पा' हा दुपारचा कार्यक्रम सुरू व्हायला थोडा अवकाश होता. काचेच्या अलीकडे नियंत्रण कक्षात कौस्तुभ आणि आजच्या पाहुण्या डॉ. रेहाना मुजावर बसले होते. काचेपलीकडे निवेदिका सुनंदा हेरवाडकर ध्वनिग्राहकाची उंची जुळवत होत्या. ती त्या रोजच जुळवत, कारण काल जुळवलेली उंची आज कधीच जागेवर नसे.

"कळतं म्हणजे कसं?" मुजावर मॅडमनी विचारलं.

"माणूस भ्याला की स्वरतंतू ताणतात. आवाजाचा कंप बदलतो, श्वास चुकीच्या जागी तुटतो. त्यात वय, गाव, ऋतू मिळवा. आमच्याकडे या कार्यक्रमाची अकरा वर्षांची ध्वनिमुद्रणं होती. प्रत्येक फोनचे पहिले काही क्षण आणि सुनंदाताईंनी शेवटी बाहेर काढलेला प्रश्न, अशा जोड्या लावून आम्ही 'प्रश्नवेध' शिकवला. आता ताईंच्या पडद्यावर प्रश्न आयता उमटतो. त्यांनी फक्त म्हणायचं, 'तुम्हाला गुडघेदुखीबद्दल विचारायचं आहे ना?' माणूस सुटतो बिचारा. तासाभरात दुप्पट फोन होतात."

"आणि अंदाज चुकला तर?"

"शंभरात दोनदा. वर्षभरात तर आणखी सुधारलाय. रोजचे बरोबर आलेले अंदाज तो स्वतःच शिकतो."

"बरोबर आलं हे ठरवतं कोण?"

"फोन करणाराच की," कौस्तुभ हसले. "तो 'हो' म्हणतो."

 डॉक्टरकीत मुजावर मॅडमनी 'हो' फार ऐकले होते. औषध वेळेवर घेता ना, तर हो.

पुढच्या सोमवारपासून प्रश्नवेध स्वतःच फोन घेणार होता, सुनंदाबाईंच्या आवाजात. बाईंनी भांडून एक दुपार मागून घेतली होती. त्यांचा पडदा बंद ठेवायचा, अंदाज फक्त कौस्तुभना दिसायचे, आणि बाईंनी जुन्या पद्धतीने फोन घ्यायचे. मग दोन्ही पद्धतींची तुलना. आपण हरणार याची बाईंना जवळपास खात्रीच होती. वर्षभर पडद्यावरचा प्रश्न त्यांनीही वाचून दाखवला होता आणि लोकही खूश दिसत होते. मग आपल्याला नक्की काय खटकतंय, हे त्यांना सांगता येत नव्हतं. एवढंच जाणवत होतं की हल्ली सगळे एकसारखंच विचारतात. गुडघे, साखर, पित्त, झोप.

पहिले दोन फोन सरळ गेले. दोन्ही वेळा कौस्तुभच्या पडद्यावरचा अंदाज खरा ठरला आणि त्यांनी काचेतून मुजावर मॅडमकडे सहज पाहिल्यासारखं पाहिलं. कार्यक्रम सुरू होताच त्या आत जाऊन सुनंदाबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचा ध्वनिग्राहक मात्र बाई आधी बंदच ठेवत. प्रश्न पुरता बाहेर येईपर्यंत डॉक्टरांचं साधं खाकरणंसुद्धा माणसाला परत घरात पळवतं, असं त्यांचं मत होतं.

तिसरा फोन जोडताना बाहेर फोन घेणाऱ्या मुलीने कळवलं, "पद्मिनी मगदूम, शिरोळजवळून. पहिल्यांदाच फोन करतायत. प्रश्न सांगत नाहीत."

"नमस्कार, 'तब्येतीच्या गप्पा'त या," बाई म्हणाल्या. आवाज त्यांनी आधीपेक्षा खाली आणि संथ आणला होता. "मी सुनंदा. तुमचं नाव घेऊ, का नुसतं ताई म्हणू?"

"नाव... नाव नगं."

"बरं ताई. तुमचा रेडिओ जवळ आहे का? त्याचा आवाज बंद करा. आपलंच बोलणं मागून ऐकू आलं की गोंधळायला होतं. मी थांबते."

खुडबूड झाली. पलीकडचा घुमणारा आवाज बंद झाला. काम हाताला मिळालं की श्वास थोडा खाली बसतो, हे बाईंना ठाऊक होतं. 'घाबरू नका' असं मात्र त्या कधीच म्हणत नसत. ते म्हटलं की ही बाई घाबरलीय हे साऱ्या जिल्ह्याला कळतं आणि तिलाही.

"झालं ताई."

"छान. आत्ता काय करत होता?"

"शेंगा फोडत हुते."

"घरच्याच?"

"व्हय, घरच्याच. यंदा बऱ्या आल्यात." हे वाक्य न अडखळता आलं.

कौस्तुभच्या पडद्यावर अंदाज केव्हाच उमटला होता: सासूची गुडघेदुखी. खात्री सत्त्याण्णव टक्के. त्यांनी बाईंच्या कानातल्या यंत्रात हळूच विचारलं, "सांगू का?" बाईंनी काचेतून मान हलवली. नको.

"बोलायला मोकळं आहे ना आत्ता? घरात कुणी आहे?"

"कोन न्हाई. समदी रानात गेल्यात."

"मग सवडीने बोला. कुठूनही सुरू करा."

"म्हंजे तसं काय न्हाई..."

"हं."

बाई थांबल्या. 'तसं काही नाही' आलं की प्रश्न दाराशी आलेला असतो. तिथे घाई केली की संपलंच. नभोवाणीवर शांततेइतकं महाग काही नाही, आणि बाईंनी ती खर्च केली. मधे फक्त एकदा, आपण आहोत एवढं कळावं म्हणून, अगदी हलका हुंकार दिला.

"आमच्या शेजारनीचं विचारायचं हुतं."

कौस्तुभनी भुवई उंचावली. बाईंनी शेजारणीला हात लावला नाही. "विचारा ना. शेजारीण काय म्हणते?"

"तिला जरा... कसं सांगायचं..."

"तिच्याच शब्दांत सांगा."

कौस्तुभनी तेवढ्यात त्या क्रमांकाची मागची नोंद उघडली आणि ते जवळजवळ आनंदाने कानात बोलले, "ताई, ही खोटं बोलतेय. पहिल्यांदा नाही. चैत्रात हिने फोन केला होता. सासूचे गुडघे. तेव्हा लगेच 'व्हय' म्हणाली होती."

 सुनंदाबाईंना तो फोन मुळीच आठवत नव्हता. त्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, मागे कधी आपलं बोलणं झालंय का?"

"झालंय की. पर मी बोललेच कुठं? तुमीच बोलला. 'सासूबाईंचे गुडघे दुखतात ना?' म्हनला. दुखत्यातच की त्यांचे. मी व्हय म्हनले. मग तुमी तेल सांगितलं, न् फोन ठिवला. इचारतेय ते आज पयल्यांदाच, ताई."

काचेअलीकडे कौस्तुभ खुर्चीत मागे टेकले.

बाई म्हणाल्या, "माझं चुकलं. आज मी काही बोलत नाही. तुम्ही बोला."

आणि मग शेजारीण आपोआप गळून पडली. "ताई, माज्या छातीत गाठ हाय. दुखत न्हाई. दुखत न्हाई म्हनून कुनाला सांगितलं न्हाई. ही गाठ कसली असंल, एवढंच इचारायचं हुतं."

बाईंनी प्रश्न तिच्याच शब्दांत परत म्हटला, एक शब्दही न बदलता. "छातीत गाठ आहे, दुखत नाही, ती कसली असेल, असं विचारताय. बरोबर सांगितलं का मी? काही राहिलं का?"

"न्हाई. एवढंच."

मग बाईंनी मुजावर मॅडमचा ध्वनिग्राहक उघडला.

"ताई, गाठ बहुतेक वेळा साधी असते," मुजावर म्हणाल्या, "पण न दुखणारी गाठ नुसती ऐकून सांगता येत नाही, हाताने तपासावीच लागते. कधीपासून आहे?"

"मागच्या येळी फोन केला तवा सुपारीएवढी हुती."

"आणि आता?"

"आता लिंबाएवढी झालीया."

मुजावर मॅडमचा आवाज बदलला नाही, पण टेबलाखाली त्यांनी सुनंदाबाईंचा हात घट्ट धरला. "उद्या सकाळी या. मी स्वतः तपासते. फोन ठेवू नका, आता रेडिओवरून बाजूला घेतो तुम्हाला, बाकी कुणाला ऐकू जाणार नाही, पत्ता नीट सांगते." सुनंदाबाईंनी गाणं लावलं.

गाणं संपलं, दुसरं लागलं. पत्ता सांगून झाला आणि सुनंदाबाई नियंत्रण कक्षात आल्या.

"चैत्रातला तो अंदाज कसा नोंदलाय?"

"अचूक," कौस्तुभ म्हणाले.

"वर्षभरात गाठीबद्दल किती अंदाज आले?"

कौस्तुभनी पाहिलं. सुरुवातीच्या महिन्यांत काही होते. मग कमी, मग कमी, आणि चैत्रापासून एकही नाही. प्रत्येक 'हो' गुडघ्यांच्या बाजूला पडत गेला होता. गुडघे वाढले म्हणून यंत्र गुडघेच विचारत गेलं, आणि गुडघे विचारले म्हणून लोक 'हो' म्हणत गेले.

"गावोगाव जाणारी, गाठी तपासणारी गाडी चैत्रातच बंद झाली," आतून आलेल्या मुजावर म्हणाल्या. "बायकांकडून मागणी नाही, आकडेच तसे आहेत, असं वरचे म्हणाले. ते आकडे कुठून आले हे विचारायचं मला सुचलं नाही."

"आमच्याकडून," कौस्तुभ म्हणाले. माणूस हुशार, आणि हुशार माणसाला उपाय सुचायला वेळ लागत नाही. "दुरुस्त करता येईल. खोटे 'हो' वेगळे काढायचे आणि यंत्राला पुन्हा शिकवायचं."

"वेगळे कसे काढणार? ज्यांनी 'हो' म्हटलं त्यांचे खरे प्रश्न आहेत कुठे? ते कुणी ऐकलेच नाहीत."

"क्रमांक आहेत ना! एकेकाला फोन करून विचारू." त्यांनी यादीतला पहिलाच क्रमांक लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. पलीकडे एका बाईने दबक्या आवाजात "कोन?" म्हटलं.

"नमस्कार बाई, नभोवाणी केंद्रातून बोलतोय. मागे तुम्ही फोन केला होता, तेव्हा झोपेबद्दल विचारलं होतंत. तुमचा प्रश्न आम्ही बरोबर ओळखला होता ना?"

सुनंदाबाई "अहो, असं नका" म्हणत पुढे धावल्या.

पलीकडे एक श्वास नको त्या जागी तुटला.

"व्हय साहेब," ती बाई म्हणाली. "एकदम बरोबर." आणि तिने फोन ठेवला.