फवारणीचे चार दिवस

वर्षश्राद्धासाठी खेमसिंगची फोटोफ्रेम करायची होती. त्याची बायको सोनीबाई महागावजवळच्या बंजारा तांड्यावर राहते. तिच्याजवळ त्याचा एकही धड फोटो नव्हता. म्हणून रविवारी सकाळी मंदारने जर्मनीतल्या खोलीत बसून या बालमित्राचे वर्षभरापूर्वीचे मेसेज उघडले.

पहिला दिवस : "कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. फवारा तोंडावरच येते. दोन औषधं एकात मिसळून मारतो."

दुसरा : "घाम थांबत नाही. तोंडातून लाळ गळून राह्यली."

त्यावर मंदारचं उत्तर होतं : "लेका, किती ढोसलीस?"

तिसऱ्या दिवशी : "दंडाचं मांस आपोआप फडफडते. भरदिवसा अंधार दिसते."

"सोड आता दारू."

चौथ्या दिवशी फोटो. अंधाऱ्या झोपडीत काढलेला. मंदारने तो मोठा केला. अंधारात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात. खेमसिंगच्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. खाली बारा सेकंदांचा आवाज. शब्द नाहीत, नुसती छातीतली घरघर.

मंदार यवतमाळात औषधनिर्माणशास्त्र शिकला होता. कीटकनाशक कातडीतून रोज थोडं थोडं भिनतं, घाम-लाळ सुटते, बाहुल्या आकसतात, शेवटी छातीत पाणी भरतं, हे त्याने परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आणि तांड्यावरचा माणूस झिंगला की तो प्यालाच, असं मात्र त्याने विनापरीक्षा ठरवलं होतं. खेमसिंगला नेलं तेव्हा दवाखान्यानेही तेच ठरवलं होतं.

त्याने फोन लावला.

"सोनीबाई, यंदा फवारणी कोण करते?"

"माहा दीर. घनश्याम. हप्ता झाला." ती कुजबुजत होती. "सकाळपासून पडून आहे. पिऊन आला असंल. झोपू देल्लं."

"लाळ गळते काय?"

"...हो."

"तो प्यालेला नाही! हातात प्लास्टिकच्या पिशव्या घाला, त्याचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा. कुशीवर ठेवा. गाडी बोलवा, औषधाचा डबा सोबत न्या. डॉक्टरला म्हणा, फवारणीचं विष आहे, उतारा म्हणून अॅट्रोपीन द्या. उठा!"

ती उठली नाही. तिचा आवाज आणखी खाली गेला.



"मंदारभाऊ... हेच तर तो सकाळपासून सांगून राह्यला."

"कोण?"

"दाराबाहेरून. कपडे काढा म्हणे... साबण लावा म्हणे... म्या आवाज वळखला, घरधन्याचा. एक साल झालं जाळून... म्हणून कडी लावून घेतली. कोणालेच आत येऊ देल्लं नाही."

"घनश्यामच्या छातीवर हात ठेवा."

गोधडी सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हालत नाही."

तिकडे पत्र्याचं दार वाजलं. एकदा, दोनदा, सावकाश. आणि दारामागून, पाणी भरलेल्या छातीतून, कोणीतरी दमून बोललं,

"मंदार... इतका उशीर काहून केला बे?"