अकरावी फेरी

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मकरंद पुण्याहून बेंगळुरात सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलेला. गुरुवारी दुपारपाळीच्या आधी तो पेठेतल्या दत्ताच्या देवळात जायचा. देवाचं निमित्त, तिथे मराठी कानावर पडायचं.

पहिल्याच दिवशी तो गाभाऱ्यासमोर तिथे नेहमी येणाऱ्या वयस्कर अनुसूया अक्कांच्या पाया पडायला वाकला. अक्कांनी पाय मागे घेतले.

"देवापुढे माणसाच्या पाया पडत नाहीत. आत कोण दिसलं तर एक हात छातीशी, मान स्वल्प खाली. बस. फेऱ्या घालणाऱ्याला तर थांबवायचंच नाही. बोलायचं ते बाहेर पायरीवर."

पायरीवर मात्र त्यांनीच विचारलं, "झालं का दर्शन?" आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. तेवढ्यासाठी मकरंद दर गुरुवारी यायला लागला.

तिसऱ्या गुरुवारी प्रदक्षिणेच्या बोळात, जिथे भर दुपारीही अंधार आणि विझल्या कापराचा वास असायचा, काळ्या टोपीतले एक आजोबा फेऱ्या घालत होते. पावलांचा आवाज नव्हता. मकरंदने हात छातीशी नेला. आजोबांनी मान हलवली, ओठ मोजतच राहिले. कोपऱ्यावर अक्का उभ्या. त्यांनी दोन्ही हात जोडले. "अहो..."

आजोबा थांबले. हात जोडले. गोंधळले. आणि परत म्हणाले, "एक."

बाहेर आल्यावर मकरंदने विचारलं, "ते आजोबा कोण?"

अक्का पायरीवर टेकल्या. "तुला पण दिसतात... आमचे वासुदेवराव. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. अकराचा नेम होता, नवव्या फेरीत पडले. चेहरा पांढरा पडलेला दिसला होता रे मला. पण थांबवायचं नसतं, म्हणून नुसती मान हलवली. आता दर गुरुवारी थांबा म्हणून हात जोडते."

"अक्का... तुम्ही जोडले की त्यांनाही जोडावे लागतात. मोजणी विसरतात."

"म्हणजे दोन वर्षं मीच चालवतेय त्यांना?"

पुढच्या गुरुवारी अक्का त्याच कोपऱ्यावर, पदर मुठीत. दर फेरीला हात छातीशी, नजर खाली. नवव्या फेरीत आजोबांचं पाऊल अडखळलं. अक्कांचा दुसरा हात उचलला गेला... आणि पदराकडे परत गेला.

दहा. अकरा.

आजोबा बाहेर आले, पायरीवर टेकले. अक्का शेजारी बसल्या.

"झालं का दर्शन?"

"झालं," आजोबा म्हणाले. "आज लवकर आटपलं."

अक्का रडता रडता हसल्या आणि पायरीवर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. डोळे पुसून पाहिलं, तर आजोबाही नव्हते, खोबरंही नव्हतं.

मकरंदची स्वतःची फेरी राहिली होती. तो एकटाच बोळात शिरला. मागून ओल्या लुगड्याचा गार वारा आला. एक बाई पावलांचा आवाज न करता त्याला ओलांडून पुढे गेली, पुटपुटत,

"नऊ हजार चारशे सहा..."

कोपऱ्यावर ती वळली, त्याच्याकडे बघून हसली आणि थांबली.

मकरंदने हात छातीशी धरला, नजर खाली घातली आणि ती निघण्याची वाट पाहत राहिला.