चमचा चुकीच्या जागी

आईने चमचा चुकीच्या जागी ठेवला आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

हा चमचा मेसेजमधला होता. दोन वर्षांपूर्वी घाईत आईचं बोट हृदयाऐवजी भलतीकडेच पडलं आणि मला नुसता 🥄 आला. मी तिला आठवडाभर छळलं. तेव्हापासून आमच्याकडे चमचा म्हणजे 'तू मला फार आवडतेस'. जेवणाचा विषय असेल तेव्हा तर आम्ही तो मुद्दाम टाळायचो, नाहीतर गंमतच जायची.

आणि त्या बुधवारी दुपारी हे आलं:

'शाल्मली, जेवलीस का? 🥄🍛 मी इथे मजेत आहे! 😊'

आई तेव्हा अरबी समुद्राच्या तळाशी होती. 'अतल' नावाच्या केंद्रात ती आणि तडवीकाका, असे दोघंच खडकांचा अभ्यास करत होते. खोल पाण्यातून रेडिओच्या लहरी जात नाहीत, म्हणून त्यांचे निरोप ध्वनिसंदेश (आवाजाच्या लहरींवर पाठवलेला मजकूर) बनून वर जहाजापर्यंत यायचे आणि तिथून आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी. या वाटेने फार थोडा मजकूर जातो. चेहरा नाही, आवाज नाही. माझी आई चार महिने फक्त अक्षरांची होती.

मी फोन घेऊन आजोबांकडे गेले. आजोबा म्हणजे आईचे वडील. आयुष्यभर त्यांनी माणसं कशी बोलतात आणि कशी लिहितात याचा अभ्यास केला. स्वतः मात्र दुधवाल्यालाही 'उद्या दूध नको. 🙏' असं पूर्णविरामासकट पाठवतात.

"आजोबा, हे आईने नाही लिहिलेलं."

"कशावरून?" ते हसले नाहीत, हे मला बरं वाटलं. "नुसतं वाटून चालायचं नाही शालू. तिचे जुने मेसेज काढ. शेजारी नवे ठेव."

आम्ही ते जेवणाच्या टेबलावर कागदावर उतरवून काढले. जुने असे होते: 'हो गं..', 'आज दमले', 'शालूऽऽ तो निबंध', 'झोप आता 🥄'. गेल्या चार दिवसांतले असे: 'आज खूप काम झाले. 💪😊', 'इथली हवा छान आहे! 🌊😊', 'तडवीकाका झोपले आहेत. 😴'.

"समोर बसून बोलताना आपण अर्धं बोलणं तोंडाने करतो," आजोबा म्हणाले. "उरलेलं भुवया, हात आणि आवाजाचा चढउतार करतात. मेसेजमध्ये ते सगळं गळून पडतं. मग माणूस मिळेल त्याने भरून काढतो. 'शालूऽऽ' मधला तो लांबवलेला स्वर म्हणजे तिचा आवाजच."

"आणि ती दोन टिंबं?"

"तो तिचा सुस्कारा. आता पूर्णविराम बघ. पुस्तकात तो वाक्य संपवतो. मेसेज पाठवला की वाक्य आपोआपच संपतं, तिथे त्याची गरज उरत नाही. म्हणून एरवी न देणाऱ्याने एकदम 'ठीक आहे.' असं लिहिलं, की आपल्याला वाटतं हा रागावला."

"तुम्ही तर कायम देता."

"म्हणून माझा कुणी मनावर घेत नाही. खूण एकटी काही सांगत नाही. माणसाची सवय काय आणि ती कधी मोडली, हे सांगतं." त्यांनी नव्या कागदावर बोट ठेवलं. "तुझ्या आईने बारा वर्षांत मेसेजमध्ये पूर्णविराम दिलेला नाही. आणि ही चित्रं काय करतायत बघ. झोप म्हटलं की झोपलेला चेहरा, काम म्हटलं की दंड. शब्दात जे आहे तेच पुन्हा काढून दाखवलंय. माणूस चित्र लावतो ते शब्दात नसलेलं सांगायला. 'झोप आता' हा हुकूम आहे. चमच्यामुळे ती माया झाली."

"आणि जेवणापुढचा चमचा?"

"ती चिकटवलेली टिकली. लावणाऱ्याला चमचा ठाऊक आहे, तुम्ही दोघी ठाऊक नाही."

मला रडू येत होतं, पण आजोबा म्हणाले, अजून एक पडताळा पाहू. त्यांनी जे करायला सांगितलं ते मला आवडलं नाही. आमचा धडधाकट बोका खिडकीत झोपला होता आणि मी आईला लिहिलं, 'आई बोक्या मेला'.

मिनिटभरात उत्तर आलं. 'अरेरे! हे ऐकून खूप वाईट वाटले. 😢🐱💐 काळजी घे! 😊'

आजी गेली तेव्हा आईने मला एकच ओळ पाठवली होती: 'आजोबांजवळ बसून रहा'. ना चित्र, ना टिंब. खरं दुःख आलं की माणसं सजावट काढून ठेवतात. इथे मात्र आनंदाला चित्रं, मरणालाही चित्रंच.

आजोबांनी जहाजावरच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथल्या अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, केंद्रातल्या यंत्रांची खबर देणारी तार सोमवारपासून बंद आहे, पण खालून घरी मेसेज रोज जातायत. म्हणजे माणसं ठीक आहेत."

"ते मेसेज कोण लिहितं?"

"त्यांचेच असतात. वाटेत अक्षरं गळतात ना, म्हणून 'सोबती' ते जुळवून देतो." सोबती म्हणजे पूरक लेखक (तुटलेला मजकूर अंदाजाने पुरा करणारी संगणकप्रणाली). "घरच्यांना काळजी नको, म्हणून जरा आनंदी ठेवलाय त्याला."

"बाई, मला सजवलेलं नको. खालून जेवढी अक्षरं आली तेवढीच वाचून दाखवा."

कळा दाबल्याचा आवाज आला. मग त्या वाचू लागल्या. "रविवार. 'खूप'... पुढे काही नाही. सोमवार. 'हवा क'... मंगळवार. 'तडवी'... 'उठत ना'..." त्या थांबल्या. "आज. 'शालू जेव'. त्यानंतर एकही अक्षर नाही."

फोन बंद न करताच त्या कुणाला तरी मोठ्याने हाका मारत धावल्या.

खालची हवा कमी होत होती. आई तीन दिवस तेच ओरडत होती आणि सोबती तिच्या ओरडण्याला हसरे चेहरे लावत होता. माझा अजूनही त्याच्यावर राग आहे. आजोबा म्हणतात, राग धरायचाच तर ज्यांनी नुसते मेसेज मोजून माणसं ठीक ठरवली त्यांच्यावर धर.

बचावनौका सहा तासांत खाली पोचली. आई जिवंत होती. तडवीकाका नव्हते.

त्यांची मुलगी नाजनीन माझ्याच वयाची, यावलला राहते. तिलाही मंगळवारी मेसेज आला होता: 'बाबा एकदम मजेत! 🎉😊' तिने तो खरा मानला होता.

तिला लिहायला बसले तर फोननेच सुचवलं, 'मनःपूर्वक श्रद्धांजली. 🙏💐🕊️'. मी ते पुसलं. रडका चेहरा लावला, तोही पुसला. मग लिहिलं, 'नाजनीन मी शालू. काय लिहू कळत नाही. मी आहे'.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, 'हम्म..'

ती दोन टिंबं मी बराच वेळ बघत राहिले. ती तिचीच होती.

आता जहाजावरून येणाऱ्या मजकुरात गळलेली अक्षरं कुणी भरत नाही. तिथे रिकामा चौकोन येतो आणि दोन चौकोन आले की धोक्याची घंटा वाजते. हा नियम आईने दवाखान्यातल्या खाटेवरून भांडून करून घेतला. ती अजून फार बोलू शकत नाही, बोलताना धाप लागते. पण काल मी शाळेत असताना तिचा मेसेज आला. त्यात एकही शब्द नव्हता.

🥄