उलटी काच

फोटो स्टुडिओतल्या रिटचरला सगळे चिकटमास्तर म्हणत आणि मास्तरांना त्याचा राग नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी माणसांचे चेहरे कापून रंगवलेल्या पडद्यांवर चिकटवले होते. घराबाहेर पाऊल न टाकलेल्यांना तळ्याकाठी उभं केलं होतं, भांडून वेगळे झालेले भाऊ एका बाकावर बसवले होते.

त्या सकाळी एक साठीची बाई फोटो घेऊन आली. फोटोत ती तरुण होती, मागे रंगवलेलं तळं, शेजारी सुटातला नवरा. धड स्टुडिओतलंच तयार, वर चेहरा तेवढा नवऱ्याचा चिकटवलेला. त्याच्या कानापाशी कड सुटली होती.

"एवढीच कड चिकटवा. बाकी काही करू नका," ती म्हणाली. "तीन वाजता येते."

ती गेल्यावर मास्तरांनी पेटीतून त्या चेहऱ्याची जुनी काच, म्हणजे निगेटिव्ह, काढली. काचेवरचा मसाला पलीकडच्या बाजूला राहील अशी ती धरायची, हे त्यांच्या बोटांना झोपेतही कळायचं. चेहरा उजेडात आला आणि ते चपापले. काचेत तीळ डाव्या गालावर होता. फोटोत उजव्या!

मग आठवलं. चेहऱ्यावर उजेड उजवीकडून होता, पडद्यावरचा सूर्य डावीकडे. घाईत मास्तरांनी काच उलटी घालून छापलं होतं. उजेड जुळला, माणूस मात्र उलटा झाला. तीस वर्षं तो तसाच बायकोशेजारी उभा होता. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक आपली, तर दुरुस्तीही आपणच करायची. त्यांनी काच सुलटी घालून नवा चेहरा छापला. उजळ गालावर बारीक कुंचल्याने सावली चढवली, काळवंडलेला गाल पुसट पांढऱ्याने उठवला. डोळ्यांतले उजेडाचे ठिपके डावीकडे सरकवले. पातळ पात्याने केसांच्या रेषेवरून चेहरा कापला, पालथा घालून कडा पॉलिशपेपरने इतक्या घासल्या की कागद कांद्याच्या सालीएवढा उरला. अशी कड चिकटली की डोळ्याला सापडत नाही. पाठीला खळ लावून त्यांनी तो तपकिरी कागदावर ठेवला, वर जड काच दाबली. जरा मुरला की जुन्याच्या जागी बसवायचा.

दुपारचं ऊन आळसावून खोलीत पसरलं होतं. खळीच्या आंबूस वासात मास्तरांचा डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा बाई समोर होती.

"ताई, माझी चूक झाली होती," मास्तर ओशाळून म्हणाले. "तुमच्या यजमानांचा तीळ उलट्या गालावर गेलाय. मी सुलटा चेहरा करून ठेवलाय..."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "नका हो, मास्तर! निघून गेला तो सुलटा होता. आधी खाकरायचा, मग उजवा हात उठायचा. पाठीवर अजून वळ आहेत."

"आणि हा?"

"फोटो भिंतीवर लावला, आणि महिन्याभरात हा दारात आला. तीळ उजवीकडे. डावखुरा. त्या हाताने माझी वेणी घालतो... केस पांढरे होत नाहीत त्याचे. कड सुटल्यापासून मात्र विरत चाललाय." ती म्हणाली. "मला हाच हवाय."

मास्तरांनी फोटो पुढ्यात ओढला. सुईच्या टोकाने कडेखाली खळ सोडली, टीपकागद ठेवून अंगठ्याने दाबून धरलं. कड बसली. तेव्हा बाईने खिडकीबाहेर पाहिलं आणि हसली.

समोरच्या फुटपाथवर सुटातला एक माणूस उभा होता. सगळ्यांच्या सावल्या डावीकडे पडल्या होत्या, त्याची एकट्याची उजवीकडे. बाईने जाऊन त्याचा डावा हात धरला आणि दोघं गावच्या तळ्याच्या रस्त्याला लागली.

नवा चेहरा फाडून टाकावा म्हणून मास्तरांनी जड काच उचलली. खाली तपकिरी कागदावर चेहऱ्याच्या आकाराचा ओला डाग होता. चेहरा नव्हता.

आतल्या अंधाऱ्या खोलीत कुणीतरी खाकरलं.

"मास्तर..." पडद्याआडून आवाज आला. "ती कुठल्या बाजूला गेली?"

मास्तरांची मान वळेना. तरी त्यांनी हात उचलला आणि तळ्याच्या उलट, स्टेशनाकडे बोट दाखवलं. पाठीमागून कागद घासल्यासारखी पावलं गेली. दाराची घंटी वाजली. आयुष्यात एक तरी खोटं सत्कारणी लागलं असं त्यांना वाटलं, आणि बसल्या जागी रडू आलं.

दुसऱ्या दिवशी, ऐन तीनला, घंटी वाजली. मास्तरांनी मान वर केली नाही.

आधी खाकरणं आलं.

"त्या बाजूला नव्हती, मास्तर."