नाव शेवटी घ्यायचं

नेरेईदा कॉफीचा कप घेऊन रेडिओ केंद्राचा लाकडी जिना उतरत होती आणि एक माणूस तोच जिना चढत होता. त्याच्या चष्म्यावर सकाळचं धुकं साचलं होतं, त्यामुळे त्याला ती दिसलीच नाही. सगळी कॉफी त्याच्या शर्टावर गेली.

"माफ करा... चूक माझीच," तो चष्मा पुसत म्हणाला.

"चौकातलं चष्म्याचं दुकान तुमचंच ना?"

"हो. ओल्मेदो एस्पिनोसा."

"आणि तुम्हालाच दिसत नाही. गिऱ्हाइकांचं कसं व्हायचं?"

तो हसला, आणि हसताना त्याच्या गालावर एकाच बाजूला खळी पडली. नेरेईदाने ती पाहिली आणि लगेच कपात पाहू लागली. कपात तसं काही उरलेलं नव्हतं.

तो आला होता मदत मागायला. शनिवारी सारुमा गावच्या सेवा क्लबचा पदग्रहण समारंभ होता, आणि नवा अध्यक्ष तोच. त्याची ओळख करून देणार होते त्याचे सेगुंदोकाका. पण काकांचा आवाज बसला होता.

"पार गेलाय हो. नुसती शिट्टी वाजते घशातून," ओल्मेदो म्हणाला. "आणि गावात आवाज म्हटला की... तुमचाच."

पहाटे सहाला रेडिओवरून अख्ख्या सारुमाला उठवणारी ही मुलगी. पण तिला कोणी बघत नसायचं, ते सुख वेगळं. उभं राहून लोकांसमोर बोलणं तिने आजवर टाळलंच होतं. तरी ती हो म्हणून बसली. का म्हणून विचाराल, तर ती खळी.

त्या आठवड्यात तीन संध्याकाळी ते चौकातल्या खानावळीत भेटले. मधे तिग्रिय्योची ताटली, केळं, अंडं, चीज सगळं गरमागरम, आणि शेजारी तिची वही.

"नियम सांगा," ती म्हणायची.

"तीन मिनिटं, त्याच्यावर नाही. माणूस काय करतो, क्लबात का आला, आणि एक गोष्ट जी त्याच्या सभासदत्वाच्या अर्जावर लिहिलेली नाही. नाव मात्र अगदी शेवटी. नाव ऐकलं की सगळे उभे राहतात, गिटारवाले सुरू करतात, आणि मावळते अध्यक्ष गळ्यातली अध्यक्षपदाची साखळी काढायला लागतात. मग कोणालाच काही ऐकू येत नाही."

"आणि आभार?"

ओल्मेदोने काटा खाली ठेवला. "तेच तर. आभाराचं एक वाक्य नावाच्या आधी. माझ्याबद्दल काहीही बोला, पण ते चुकवू नका. गेल्या वर्षी चुकलं. तेव्हाचे अध्यक्ष, आमचे औषधवाले, वर्षभर राबले होते, त्यांचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही. त्यानंतर त्यांनी क्लबाची पायरी चढली नाही. या वर्षी मावळत्या अध्यक्ष सोराईदाबाई आहेत."

सोराईदाबाईंनी निम्म्या गावाला शिकवलं होतं, ओल्मेदोलाही आणि नेरेईदालाही. या वर्षी डोंगरातल्या अकरा शाळांत त्यांनी मुलांचे डोळे तपासून घेतले. यंत्र खेचरावर, मागे बाई पायी, आणि बाईंच्या मागे भिंगांची पेटी घेऊन ओल्मेदो.

"बाईंच्या पायाला हे एवढाले फोड आले होते. अहवालात एक शब्द नाही," तो म्हणाला.

नेरेईदाने ते लिहून घेतलं. मग पेन्सिल रोखून विचारलं, "आणि अर्जावर नसलेली गोष्ट?"

"ती... राहू द्या. नंतर सांगतो."

"नंतर म्हणजे कधी? समारंभ संपल्यावर?"

"संपायच्या आधी. सुरुवातीची घंटा बाई वाजवणार, शेवटची मी. दोन घंटांच्या मधे जे बोललं जातं, ते सगळं इतिवृत्तात जातं." एवढं बोलून तो पुन्हा चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

घरी गेल्यावर तिने भाषण आरशासमोर म्हटलं. खरं सांगायचं तर भाषण चार वेळा म्हटलं आणि शेवटचं नाव चाळीस वेळा. ओल्मेदो. ओल्मेदो एस्पिनोसा. आपण प्रेमात पडलोय हे तिला शुक्रवारी रात्रीच कळलं होतं, आणि तो मात्र आपल्याकडे फक्त आवाज म्हणून बघतो, याचं तिला वाईट वाटत होतं.

शनिवारी क्लबाचं सभागृह गच्च भरलं. बाईंनी घंटा वाजवली, राष्ट्रगीत झालं, वर्षाचा अहवाल झाला. औषधवालेही आले होते, दाराजवळ उभे, बसायला तयार नव्हते. सूत्रसंचालकाने नेरेईदाचं नाव पुकारलं. ती उठली, आणि पहिल्या रांगेतून एक दणदणीत आवाज आला, "चल पोरी, होऊ दे जोरात."

सेगुंदोकाका. तेच ते, शिट्टी वाजणारे.

"काका, तुमचा घसा?" ती पुटपुटली.

"माझ्या घशाला काय धाड भरलीय?" काका म्हणाले. "पोरगा म्हणाला, काका, एवढ्या समारंभापुरते गप्प बसा. बसलो."

नेरेईदा माईकसमोर उभी राहिली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. म्हणजे काकांचा आवाज बसलाच नव्हता. म्हणजे तो जिना तो उगाच चढला नव्हता. वहीतली अक्षरं नाचायला लागली. तिने तोंड उघडलं.

"मित्रहो, ज्यांची ओळख मी करून देणार आहे ते ओल्मेदो..."

संपलं. खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले, गिटारवाल्यांनी सुरुवात केली, टाळ्यांचा कडकडाट. सोराईदाबाई एक क्षण तशाच बसून राहिल्या. मग उठल्या आणि मान वाकवून साखळीचा आकडा चाचपू लागल्या. दाराजवळचे औषधवाले मागे वळले.

नेरेईदाच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरी कोणी असती तर रडत बाहेर गेली असती. ही माईक सोडून तडक बाईंकडे गेली आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बाई, नका काढू. अजून नाही."

गिटार अडखळत थांबली. माईक तिकडेच राहिला होता, आणि अख्खं सभागृह आता या मुलीकडे बघत होतं. पण तिला बाईंशिवाय कोणी दिसतच नव्हतं.

"अकरा शाळांतल्या मुलांना या वर्षी फळा दिसायला लागला," ती म्हणाली. "त्यासाठी तुम्ही पायी डोंगर चढलात, पायाला फोड आले, आणि अहवालात ते लिहिले नाहीत. म्हणून मी सांगते. क्लबातर्फे तुमचे मनापासून आभार. आणि गेल्या वर्षी जे राहून गेले, ते औषधवाल्या काकांचेही."

औषधवाले दारातच थबकले. मग गुपचूप येऊन मागच्या खुर्चीत बसले. बाईंनी रुमाल शोधला, सापडला नाही, शेवटी बाहीनेच डोळे पुसले.

"तीस वर्षं हजेरी घेतली मी," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "एखाद्याचं नाव असं आधीच कधी निसटतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. जा, भाषण पुरं कर. नाव राहू दे आता, सगळ्यांना कळलंय."

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. नेरेईदाने उरलेलं भाषण कसंबसं पुरं केलं. मग बाईंनी साखळी ओल्मेदोच्या गळ्यात घातली, त्याने शपथ घेतली आणि माजी अध्यक्षांची पिन बाईंच्या कोटाला लावली. पिन तिरकीच बसली. त्याचं भाषण तर एका मिनिटात आटोपलं.

आता फक्त घंटा उरली होती. त्याने घंटेची हातोडी उचलली आणि खाली ठेवली.

"ओळखीतली एक गोष्ट राहिली," तो म्हणाला. "अर्जावर नसलेली. मी दुकान पहाटे सहाला उघडतो. तीन वर्षं झाली. सहाला चष्मा घ्यायला कोणी येत नाही... पण सहाला रेडिओवर नेरेईदा बोलते. घरात काका मोठ्याने बोलतात, ऐकू येत नाही."

काकांनी मान डोलावली. इतिवृत्त लिहिणारा चिटणीस पेन धरून बावचळून बसला होता. "हे लिहायचं का?"

"दोन घंटांच्या मधलं सगळं लिहायचं असतं," सोराईदाबाई म्हणाल्या.

ओल्मेदो हातोडी धरून उभा होता, आणि ती खळी आज दिसत नव्हती, इतका तो घाबरला होता. नेरेईदा उठली.

"थांब, घंटा वाजवू नकोस," ती म्हणाली. "माझंही लिहायचंय."