तीनदा राम राम

चिंबळीची सोजरा भाजीची पाटी डोक्यावर घेऊन इंद्रायणीच्या उतारावर, नदी पायी ओलांडायच्या जागी, आली, तेव्हा सकाळचं धुकं इतकं दाट होतं की आपले पाय पाण्यात गेले हे तिला गारव्यानंच कळलं. आणि पलीकडून, धुक्यातून कुठून तरी, आवाज आला.

"राम राम…"

सोजरा थिजली. उतारावर हाक आली की लगेच ओ द्यायची नाही, हे चिंबळीत लहान पोरांनाही ठाऊक. माणूस तीनदा हाक देतो, शेजारच्या डोहातला, माणसं ओढून नेणारा, एकदाच. दोन वर्षांमागं तिच्या थोरल्या भावानं, बिरूनं, इथंच एकाच हाकेला उत्तर दिलं होतं. काठावरच्या बायांनी ते ऐकलं. मग सापडली ती फक्त त्याची टोपी. तेव्हापासून आई, ठकुबाई, रोज निघताना तिला शपथ घालायची.

ती दुसऱ्या हाकेची वाट पाहत उभी राहिली. आलीच नाही.

असे चार बाजारवार गेले. दर वेळी एकच राम राम, मग चिडीचूप. आणि लाजेची गोष्ट अशी की, तो नरम, शेवटी किंचित अडखळणारा आवाज तिला आवडायला लागला होता. डोहातल्यावर जीव जडायला मी काय वेडी आहे, असं ती स्वतःला दटावायची… आणि बाजाराच्या दिवशी वेणी मात्र दोनदा घालायची.

पाचव्या खेपेला आवाज म्हणाला, "कीअं आहियो?"

ही सिंधी. पिंपरीच्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात सोजरा मेथी विकायची, तिथल्या एका म्हाताऱ्या अमांनी तिला शिकवलं होतं — कुणी 'कशा आहात' विचारलं, तर 'बरी आहे' म्हणून गप्प बसायचं नाही, उलट विचारायचं. नाहीतर समोरच्याला वाटतं, ही रुसली. सोजराची सगळी सिंधी त्या दोन वाक्यांत संपत होती.

डोहातला सिंधी कुठून शिकणार? पण… येणारे-जाणारे तो ऐकत असेलच की. तिच्या अंगावर काटा आला. तरी उलट विचारायचंच, तिनं ठरवलं. माणूस असेल तर उत्तर देईल.

"ठीक आहियां," ती म्हणाली. "तव्हां कीअं आहियो?"

मग धुक्यातून सिंधीचा असा लोंढा सुटला की तिला त्यातलं एक अक्षर कळेना.

"बस, बस. मला येवढंच येतंय."

तो धुक्यातून उथळ पाण्यात आला. डोक्यावर कापडाचं गाठोडं, गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा. सोजरानं आधी त्याचे पाय पाहिले. सरळ होते. मग डोळे पाहिले, आणि पाटी सावरायला तिला दोन्ही हात लागले.

"मी हीरानंद," तो एकेक शब्द वेचत म्हणाला. "कॅम्पवाला. चाकण बाजारला कापड विकतो. मला पण… येवढंच येतं. राम राम."

"मग एकदाच का म्हनायचा?"

"एकदा बोललो, जवाब नाही. समजलो, तुम्ही नाराज. परत कसं बोलणार?"

"मी सोजरा," ती हसून म्हणाली, मग गंभीर झाली. तिनं तीन बोटं दाखवली. "हितं तीनदा म्हनायचं. आन् एकदा म्हननाऱ्याला वळूनसुदीक बघायचं न्हाई. ध्यानात ठेवा."

पुढच्या बाजारी धुकं आणखी दाट होतं. ती पाण्यात उतरली, आणि डोहाच्या बाजूनं, अगदी जवळून, हाक आली.

"राम राम."

हा आवाज अडखळला नव्हता. अस्सल मावळी, बिरूच्या तोंडचा. सोजराचे ओठ आपोआप उघडले. दादा, असं म्हणायला जीव तुटत होता. तिनं पदर दातांत धरला आणि मोजत उभी राहिली. दुसरी हाक आली नाही. तिला रडू फुटलं.

मग समोरून अडखळती हाक आली. "राम राम… राम राम… राम राम."

"राम राम," ती हुंदक्यातूनच म्हणाली.

हीरानंद आला तो पांढराफटक. "तिकडे कोण आहे? आत्ता मला बोलला. एकदा."

"तुमी काय म्हनालात?"

"काही नाही. तुम्ही शिकवलं ना." त्यानं गाठोडं उतरवून छातीशी धरलं. "नाहीतर मी देणार होतो जवाब… इतक्या दिवसात कुणी तरी बोललं म्हणून."

सोजरानं त्याची बाही घट्ट पकडली, आणि दोघं काठावर येईपर्यंत ती सोडली नाही. तिथं तो थांबला.

"माझ्याशी लग्न करणार?"

ती पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिली.

"करणार लग्न?"

ती तरी गप्प. त्याचा चेहरा उतरला… मग एकदम त्याच्या ध्यानात आलं.

"सोजरा, लग्न करणार?"

"हा," ती सिंधीत म्हणाली. दोन वाक्यांपुढचा हा 'हो'चा शब्द तिनं आठवडाभर अमांकडून घोकून घेतला होता.